कापूस वेचून बोटं झिजली, हा गुन्हा आहे का?

दर नोव्हेंबरला तेच! काटोलकडच्या गावातून माझी आत्या, सहा नातवंडांची आजी, एसटीनं नागपुरात येते, हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा दाबते, आणि तो जुळत नाही. जुळणार कसा? पन्नास वर्षं कापूस वेचला, रेषा राहिल्यात कुठे?

यंदा म्हटलं, आत्या, मोबाइलवर तूच भर, चेहऱ्यावरून होतं. आधारचे बारा आकडे तिनं एकेक बोलत टाकले. ‘थांब नं बापा, घाई नको करू.’ ओटीपी पाहायला मेसेजमध्ये गेली, परत येते तर पान कोरं! पुन्हा आधार, पुन्हा पेन्शनचा नंबर. शेवटी ओटीपी मी माझ्या हातानं कागदावर उतरवून दिला, तेव्हा गाडी पुढं सरकली. मग चेहरा घेईना. खिडकीकडे पाठ होती, तोंड उजेडाकडं केलं. आता डोळे मिचकवा म्हणे, तेही इंग्रजीत! सातवी शिकलेल्या बाईनं ते वाचायचं कसं? मराठीत एक ओळ लिहायला काय जातं?

दाखला निघाला. आत्या स्क्रीनकडे बघतच राहिली.

‘घरी बसून होते, तं मागच्या साली मले चार चकरा कायले मारायला लावल्या रे?’