पेन्सिलवाले गृहस्थ

"तुमचा रेझ्युमे आमच्यासमोर आहेच, पण तो वाचून न दाखवता तुम्हीच क्रमाने सांगा," असे परवा मुलाखतीत मला सांगण्यात आले, तेव्हा मी मनातून खूश झालो, कारण नेमक्या याच प्रश्नाची तयारी मी आठवडाभर करत होतो. कागद समोर असताना तो तोंडी कशाला ऐकायचा, हा प्रश्न नोकरी मागायला आलेल्या माणसाने विचारायचा नसतो.

पद गोदाम व्यवस्थापकाचे होते. घरी पहिल्यांदा घड्याळ लावून बोललो तेव्हा साडेसहा मिनिटे लागली, आणि माझ्या लक्षात आले की मी रेझ्युमे सांगत नसून पाठ म्हणून दाखवत होतो. या प्रश्नाला साधारण दोन मिनिटे पुरे होतात आणि सावकाश बोलले तर तेवढ्यात जेमतेम अडीचशे शब्द बसतात. म्हणून शिक्षणाला एक वाक्य ठेवले, हिशेब विभागातल्या पहिल्या दोन वर्षांना दोन, मधल्या आठ महिन्यांच्या खंडाला एक, आणि निम्म्याहून अधिक वेळ गोदामातल्या आठ वर्षांसाठी राखला. एक नोकरी सोडून दुसरी का धरली, हे कागदावर नसते; तेवढे मात्र तोंडाने सांगावे लागते. वहीतला माल आणि फळीवरचा माल जुळत नाही हे मला हिशेब विभागात बसून रोज दिसे, म्हणून मी गोदामात गेलो. हा 'म्हणून' मला फार आवडला होता.

मंडळात तिघे होते, पण माझ्या वाट्याला आले ते उजवीकडचे गृहस्थ. त्यांच्या हातात टोक काढलेली पेन्सिल होती आणि माझ्या प्रत्येक वाक्यागणिक ती रेझ्युमेवर संबंधित ओळ शोधत फिरत होती. कागदावर ताजी नोकरी सर्वांत वर असते आणि बोलताना जुन्यापासून सुरुवात करणे सोयीचे पडते, त्यामुळे मी तळाशी होतो आणि पेन्सिल माथ्यावर होती.

"थांबा. हे कुठे लिहिले आहे?"

"सर, शेवटून दुसरी ओळ."

"मग शेवटून का सुरुवात केलीत?"

"सर, माझी सुरुवात तिथूनच झाली."

त्यांनी बरोबरची खूण केली. मी पुढे सरकलो तोच पेन्सिल पुन्हा अडली. "टंकलेखनाचे प्रमाणपत्र राहिले."

"ते मी मुद्दाम वगळले, सर. या कामाशी त्याचा फारसा संबंध नाही."

"मग लिहिले कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. प्रमाणपत्राचा मी तोंडी उल्लेख केला, तेव्हा कुठे त्यालाही खूण मिळाली.

मग माझी हुकमाची गोष्ट आली. वर्षातून एकदा सगळा माल मोजण्याऐवजी आम्ही रोज थोड्या फळ्या मोजू लागलो, तेव्हा तफावतीचे कारण हाती लागले: परत आलेला माल संध्याकाळी फळीवर चढत होता आणि त्याची नोंद दुसऱ्या दिवशी, कधी तर मुळीच, होत नव्हती. मधल्या खुर्चीतल्या बाईंनी पेन खाली ठेवले आणि त्या पुढे झुकल्या. समोरचा कागद सोडून आपल्याकडे पाहू लागला की गाडी रुळावर आली असे समजावे.

"हे इथे नाही," पेन्सिल म्हणाली.

"'साठा पडताळणीत सुधारणा' या ओळीत आहे, सर."

"त्यात फळ्या नाहीत. आणि हे आठ महिने रिकामे का?"

वडिलांच्या आजारपणाचे माझे वाक्य ते टंकलेखन शोधत असताना निघून गेले होते. मी तेच वाक्य पुन्हा म्हणून थांबायला हवे होते, पण मी चिडलो होतो आणि चिडलेला माणूस खुलासा करत सुटतो. मी औषधांच्या वेळा सांगितल्या, रात्रपाळीच्या परिचारिकेने काम सोडल्याचे सांगितले, वडील आता ठणठणीत असल्याचेही सांगितले. जो खंड एका वाक्यात उरकायचा होता, तो त्या दोन मिनिटांतला सर्वांत लांब भाग झाला, आणि 'म्हणून मला हे पद हवे आहे' हे माझे घोटून ठेवलेले शेवटचे वाक्य सुरू होण्याआधीच बाई घड्याळाकडे पाहून "ठीक आहे" म्हणाल्या. अकरा वर्षांतले आठ महिनेच त्यांच्या लक्षात राहणार, आणि त्यातही मी निगुतीने वडिलांची सेवा केली म्हणून नव्हे, तर मला बोलणे आवरत नाही म्हणून, याचा राग मला अजून येतो.

उठताना पेन्सिलवाल्या गृहस्थांपुढच्या कागदावर नजर गेली. टंकलेखनाला खूण होती, मी उच्चारलेही नव्हते त्या वाचनाच्या छंदालाही होती, आणि साठा पडताळणीच्या ओळीपुढे त्यांनी नीट गिरवून एक प्रश्नचिन्ह काढले होते.