एस धरून बसलेला माणूस

काल रात्रीपासून मी तात्यांशी बोलत नाहीये, आणि त्यांच्या लक्षातही आलेलं नाही, हे तर त्याहून वाईट.

बेळगावात टिळकवाडीत घरी, बाहेर धो धो पाऊस, वहिनी आणि मी स्क्रॅबल खेळत होतो, म्हणजे गुण असलेल्या इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या जोडून बोर्डावर शब्द लावायचे. वहिनी निपाणीची, हिशोबाला पक्की. माझ्या पट्टीवर के, आय, टी, ई, ए, एन आणि एस. बोर्डाच्या मधल्या ओळीत उजवीकडं 'प्लॅन' लागलेला, त्याच्यापुढं एक घर रिकामं आणि त्यापुढं अगदी कडेला लाल घर, शब्दाचे तिप्पट. मला दिसलं की त्या रिकाम्या घरात के ठेवून खाली 'काइट' उतरवला तर प्लॅनचा 'प्लँक' होतो. टी तिप्पट अक्षराच्या घरात पडतो, म्हणून काइटचे दहा, प्लँकचे अकरा, मिळून एकवीस. एस लावून 'काइट्स' केलं तर बावीस.

म्हणजे अख्ख्या एसची किंमत एक गुण!

खेळणारे लोक ढोबळ हिशोब असा सांगतात की एस घातल्यावर आठेक गुण जास्त पडणार नसतील तर घालू नये, कारण शंभर सोंगट्यांत एस फक्त चार. आणि इथं तर पुढचा डाव समोर दिसत होता, प्लँकला पुढं दुसरं कुठलंच अक्षर चिकटत नाही, एसच लागतो, तो लाल घरात पडला की नुसत्या एका सोंगटीचे छत्तीस. वर आणखी एखादा एसनं संपणारा शब्द उभा बसला की तोही तिप्पट. धोका एवढाच की न दिसलेल्या तीस सोंगट्यांत एक एस आणि कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारी एक कोरी होती, त्यातली एखादी वहिनीच्या सातांत असण्याची शक्यता दहात चारदा. म्हटलं चालतंय, सहा बाजू आपल्या. काइट ठेवला, एकवीस लिहिले, एस झाकून बसलो.

तेवढ्यात तात्या. शेजारचे. लाईट गेली का विचारायला आले होते, आमची लाईट समोर लख्ख चालू असताना. वहिनीनं कुंद्याची वाटी हातात दिली तशी थेट माझ्या पाठीमागं उभे राहिले, चष्मा कपाळावर, चमचा तोंडात, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, तुझ्याजवळ एस हाय की रे! लाव की!"

मी गप्प.

"काइटला एस लाव, काइट्स हुतंय. एक मार्क जास्त मिळतोय नव्हं? सुम्मने कशाला धरून बसलास?"

"तात्या, नंतर लावायचाय."

"नंतर म्हणजे कवा? खरं एस काय लोणचं हाय का मुरवत ठेवायला?" आणि वहिनीकडं वळून, "ह्याच्याजवळ एस हाय, खरं लावंना झालाय बघ."

मला एक सांगा, रमीच्या डावात पाठीमागून कुणी "ह्याच्याकडं जोकर आहे" असं ओरडलं तर खानापूरपासून चिकोडीपर्यंत कुठल्याही कट्ट्यावर त्याला चपलेसकट बाहेर काढतील. पण इंग्रजी अक्षरं असली की लोकांना वाटतं हा अभ्यास चाललाय, आणि मदत करणं पुण्याचं काम. आमच्याकडं माणूस कन्नड, मराठी दोन्हीत फुकटचा सल्ला देतो, आणि मोठा माणूस म्हणून आपण तो हसून घ्यायचा. मला आता हसू येत नाही.

वहिनी काही बोलली नाही. लाल घराकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि त्या कडेच्या रांगेत लाल घराच्या अगदी खाली उभा 'नॉर' लावला. एन, ओ, आर. काइटच्या आय, टी, ईला चिकटून इन, टू, एर असे बारके शब्द झाले, सगळे मिळून नऊ गुण. नऊ! एरवी ही बाई वीसच्या खाली हात हलवत नाही. पण आता लाल घरात एस ठेवला की खाली 'एस-एन-ओ-आर' वाचावं लागतं, तसा शब्दच नाही. खाली ई किंवा टी जोडून 'स्नोअर' नाहीतर 'स्नॉर्ट' करता आलं असतं, खरं माझे ई आणि टी काइटमध्येच गेलेले. दार बंद.

मी राहिलेल्या सोंगट्या घ्यायला पिशवीत हात घातला आणि काय यावं, तर आर आणि आय, ई नाही, टी नाही. 'रेन्स'! लाल घर मोकळं असतं तर हाच शब्द वरून खाली एसवर संपवून प्लँक्ससकट चोपन्न झाले असते. तोच शब्द मी खाली काइटच्या शेपटाला जोडला, काइट्स करून, एकोणीस मिळाले. पुढं धरून ठेवण्यात अर्थ नव्हता, पिशवी रिकामी होत आली की एसची किंमत उतरते, जागाच उरत नाहीत.

आणि तात्या? वाटी चाटून पुसून खाली ठेवत म्हणाले, "बघ, शेवटी काइट्सच केलंस नव्हं? तवाच ऐकला असतास तर?"

वहिनी म्हणाली, "तात्या, बसा, चहा टाकते."

मला विचारलंसुद्धा नाही.