‘व्याजगणना सुधारली’ या दोन शब्दांमुळे झालेला घोळ

गेली नऊ वर्षे मी गृहनिर्माण संस्थांच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अंधेरीतल्या एका कंपनीत काम करतो. डेव्हलपर मंडळींनी लिहिलेल्या रिलीज नोट्स, म्हणजे नव्या व्हर्जनमध्ये काय बदलले याच्या नोंदी, सोसायट्यांचे खजिनदार, मॅनेजर आणि हिशेबनीस यांना समजतील अशा मराठीत आणणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. हे भाषांतराचे काम आहे अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती कशी मोडली ते सांगतो, कारण या कामात लोक कुठे चुकतात ते त्यातून चांगले दिसते.

एका मार्च महिन्यात नव्या व्हर्जनसाठी माझ्याकडे आलेल्या यादीतल्या तीन ओळी अशा होत्या:

```
fix: interest uses due_date, not bill_date (#1482)
refactor: extract LedgerService
chore: upgrade PDF library
```

या ओळी डेव्हलपर एकमेकांसाठी लिहितात आणि त्यासाठी त्या उत्तम आहेत. सुरुवातीचा शब्द बदलाचा प्रकार सांगतो: `fix` म्हणजे चूक दुरुस्त केली, `refactor` म्हणजे वागणूक तीच ठेवून आतली रचना बदलली, `chore` म्हणजे किरकोळ देखभाल. कंसातला आकडा मूळ तक्रारीच्या टिकेटचा असतो. मी रिवाजाप्रमाणे शेवटच्या दोन ओळी गाळल्या आणि पहिलीचे मराठी केले, ‘थकबाकीवरील व्याजगणना सुधारली.’ वाक्य खरे होते. व्याकरणातही चूक नव्हती.

एप्रिलची बिले निघाल्यावर फोन सुरू झाले. मुलुंडच्या एका सोसायटीच्या खजिनदारांनी, वयाने सत्तरीचे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मला अतिशय शांतपणे विचारले, “सुधारली म्हणजे आधी चुकत होती का? आणि चुकत होती, तर किती वर्षे?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

घडले होते ते असे. आधीच्या व्हर्जनमध्ये व्याज बिलाच्या तारखेपासून मोजले जाई, नव्यात ते देय तारीख उलटल्यानंतर मोजले जाऊ लागले. १ एप्रिलचे सहा हजारांचे बिल, देय तारीख २० एप्रिल आणि सभासदाने पैसे भरले २० मे रोजी, असे धरू. त्या सोसायटीचा दर सरळव्याजाने वर्षाला २१ टक्के होता, म्हणजे दिवसाला साधारण ३ रुपये ४५ पैसे. जुन्या पद्धतीने ४९ दिवसांचे १६९ रुपये होतात, नव्या पद्धतीने ३० दिवसांचे १०४ रुपये. फरक ६५ रुपयांचा. रक्कम लहान आहे, पण ज्या सभासदाने दोन वर्षे प्रत्येक बिल उशिरा भरले आहे, तो ही दोन बिले शेजारी ठेवून सर्वसाधारण सभेत उभा राहिला की खजिनदारांना घाम फुटतो.

माझ्या ओळीत या सगळ्याचा मागमूस नव्हता, आणि तो मूळ ओळीतही नव्हता. शब्दकोश घेऊन कितीही नेमके मराठी केले असते तरी ‘आधीच्या बिलांचे काय’ हे त्यातून निघाले नसते. डेव्हलपरच्या नोंदीत कोडचे आधीचे आणि नंतरचे रूप असते. खजिनदारांना आधीच्या आणि नंतरच्या बिलातला फरक हवा असतो. तो शोधून काढावा लागतो.

शोधताना मी टिकेट १४८२ उघडले. मूळ तक्रार बोरिवलीच्या एका मॅनेजरची होती आणि तिची भाषा माझ्या रिलीज नोटपेक्षा शंभर पटींनी स्पष्ट होती: “मुदतीनंतर फक्त एका दिवसाने पैसे भरले तरी वीस दिवसांचे व्याज लागते.” तेव्हापासून मी डेव्हलपरच्या ओळीआधी टिकेट वाचतो, कारण वापरणाऱ्याचे शब्द तिथे आयते सापडतात.

त्यानंतर मी बदल करणाऱ्या मुलीकडे गेलो. जुनी बिले नव्याने मोजली जातात का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “नाही, खातेवहीतल्या रकमांना हात लावलेला नाही.” ते बरोबरच होते. तरीही मी टेस्ट सर्व्हरवर नमुन्याच्या एका सोसायटीची माहिती दोन्ही व्हर्जनमध्ये भरली आणि जानेवारीच्या एकाच बिलाची दुय्यम प्रत दोन्हीकडून छापली. रकमा वेगळ्या आल्या! खातेवही खरोखरच जुनी होती, पण दुय्यम प्रत छापताना व्याज त्या क्षणी पुन्हा मोजले जात होते. म्हणजे सभासदाच्या हातातले जुने बिल एक सांगणार, आज काढलेली त्याचीच प्रत दुसरे सांगणार आणि खातेवही पहिल्याच्या बाजूने उभी राहणार. कोडमधली ही चूक रिलीज नोट लिहिताना सापडली. ती दुरुस्त होईपर्यंत तीन दिवस गेले आणि तेवढे दिवस आम्ही ग्राहकांना जुन्या बिलांच्या प्रती काढू नका असे फोनवर सांगत होतो.

त्याच दोन कागदांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. मी गाळलेल्या `chore` ओळीमुळे, म्हणजे पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीमुळे, समास दोनेक मिलिमीटरने सरकला होता. कोऱ्या कागदावर ते कोणाच्या लक्षातही आले नसते, पण लेटरहेडवर बिले छापणाऱ्या सोसायट्यांच्या रकमा चौकटीच्या रेघेवर जाऊन बसत होत्या. ओळ किरकोळ आहे की नाही हे तिच्या सुरुवातीच्या शब्दावरून ठरवू नये असे माझे त्यामुळे ठाम मत झाले. `refactor`ची ओळ मात्र मी आजही बेलाशक गाळतो, दोन्हीकडचा कागद तंतोतंत जुळला तर.

मग मी नोट नव्याने लिहिली. ती अशी होती:

“सभासदाने बिल उशिरा भरल्यास व्याज यापुढे देय तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजले जाईल. आतापर्यंत ते बिलाच्या तारखेपासून मोजले जात होते, ही आमची चूक होती. त्यामुळे एप्रिलच्या बिलापासून व्याज पूर्वीपेक्षा कमी दिसेल. मार्चपर्यंतच्या बिलांतील आणि खातेवहीतील रकमा आपोआप बदलणार नाहीत. जास्त घेतलेले व्याज परत द्यायचे असल्यास समितीच्या निर्णयानंतर त्या सभासदाच्या खात्यात जमा नोंद करावी.”

‘ही आमची चूक होती’ या चार शब्दांवरून ऑफिसात दोन दिवस वाद झाला. विक्री विभागाला त्याऐवजी ‘अधिक अचूक’ हवे होते. पण अधिक अचूक म्हटले की आधीचेही अचूकच होते असा अर्थ निघतो, आणि मग सभेत दोषी ठरतो तो खजिनदार, ज्याने फक्त बटण दाबले होते. शब्द राहिले, पण वर एक ओळ आली: ‘आपणांस कळविण्यास आनंद होत आहे की…’

मेमध्ये एका कामासाठी मी मुलुंडच्या त्या सोसायटीत गेलो, तेव्हा तळमजल्यावरच्या सूचना फलकावर आमची नोट लावलेली होती, खाली खजिनदारांची सही आणि शिक्का. आनंदाची ओळ त्यांनी पट्टी धरून नीट खोडली होती.