प्रोफाइल चालू, जाहिरात खातं बंद, आणि कारण विचारायला माणूस नाही

आज एकोणिसावा दिवस. आतापर्यंत गप्प बसले, पण आता लिहिणार आहे, कारण हा संताप पोटात ठेवून झोप लागत नाही.

मी पाठदुखीसाठी ऑनलाइन व्यायामवर्ग घेते. चार वर्षं या एकाच प्लॅटफॉर्मवर जाहिरात करते आहे. बिल कधी थकवलं नाही, खोटा दावा कधी केला नाही. एका रात्री साडेअकराला मेल आला: ‘धोरणाचं उल्लंघन झाल्यामुळे तुमचं जाहिरात खातं बंद करण्यात आलं आहे.’ खाली एक लिंक. लिंक उघडली तर सगळ्या जाहिरातदारांना दाखवतात तेच सर्वसाधारण धोरणाचं पान. कोणती जाहिरात, कोणतं वाक्य, कोणतं चित्र, काही म्हणजे काही नाही. चालू असलेल्या पाचही जाहिराती एका क्षणात थांबलेल्या.

घाबरून अ‍ॅप उघडलं तर माझं प्रोफाइल जसंच्या तसं. फोटो टाकता येतो, मेसेज जातात, वर्गाच्या पेजवर लोक चौकशी करताहेत. भाऊ म्हणाला, ‘ताई, अकाउंट चालू तर आहे, उगाच कशाला घाबरतेस?’ गेले एकोणीस दिवस मी हेच वाक्य ऐकते आहे. वर्गातल्या मुली, ओळखीतले दुकानदार, आणि कहर म्हणजे याच कंपनीच्या मदत विभागात मोठ्या मुश्किलीने सापडलेला एक माणूस, सगळ्यांचं एकच: ‘मॅडम, तुमचं प्रोफाइल व्यवस्थित दिसतंय.’ अहो, प्रोफाइल व्यवस्थित आहे हीच तर अडचण आहे! प्रोफाइल बंद पडलं असतं तर निदान काहीतरी बिघडलंय यावर लोकांचा विश्वास तरी बसला असता.

हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, रात्री जागून स्वतः शोधावं लागलं, म्हणून इथे नीट लिहिते. आपण ज्याला ‘माझं अकाउंट’ म्हणतो ते एक नसतं. सगळ्यात खाली तुमचं वैयक्तिक प्रोफाइल. त्यावर पेज. पेज आणि जाहिरात खातं ज्याच्या नावावर असतं ते बिझनेस खातं वेगळं. जाहिरात खातं वेगळं, त्याला जोडलेलं कार्ड वेगळं. कुलूप यातल्या कशालाही लागू शकतं. प्रोफाइलसाठी समाजाचे नियम, म्हणजे शिवीगाळ, धमक्या, हिंसा वगैरे. जाहिरातीसाठी वेगळी आणि जास्त कडक धोरणं, आणि ती तपासणारी यंत्रणाही वेगळी. त्यामुळे एका बाजूला मी सज्जन आणि दुसऱ्या बाजूला गुन्हेगार, हे त्यांच्या व्यवस्थेत अगदी सहज घडतं.

यात आणखी एक खोच आहे. कधी फक्त जाहिरात खातं बंद होतं, तर कधी त्या माणसालाच जाहिरात करायला मनाई होते. पहिल्यात त्याच बिझनेसमधलं दुसरं जाहिरात खातं चालू शकतं. दुसऱ्यात तुम्ही कुठल्याही खात्यात गेलात तरी जाहिरात लावता येत नाही, पण प्रोफाइलवर वाढदिवसाच्या शुभेच्छा खुशाल द्या. आपल्याला नेमकं काय झालंय हे मेलवरून कळत नाही. खात्यांची स्थिती दाखवणारं एक वेगळं पान आहे, तिथे प्रोफाइल, पेज, बिझनेस खातं आणि जाहिरात खातं अशा प्रत्येक नावावर जाऊन बघावं लागतं. मला ते पान तिसऱ्या दिवशी सापडलं. माझ्या बाबतीत फक्त जाहिरात खात्यावर लाल खूण होती. तीन दिवस मी चुकीच्या दारावर डोकं आपटत होते.

त्या पानावर कारण म्हणून लिहिलं होतं: ‘यंत्रणेला चकवण्याचा प्रयत्न.’ मी! मला साधी वेबसाइट बदलायची तर दुसऱ्याला फोन करावा लागतो.

मग मीच माझी झडती घेतली. मागच्या महिन्यात माझी एक जाहिरात नाकारली गेली होती. तिची पहिली ओळ: ‘तुम्हाला पाठदुखी आहे का?’ वाचणाऱ्याला अमुक आजार आहे असं जाहिरातीने सुचवायचं नाही, असा नियम आहे. ‘पाठदुखीसाठी व्यायामवर्ग’ चालतं, कारण त्यात मी वर्गाबद्दल बोलते. ‘तुम्हाला आहे का’ चालत नाही, कारण त्यात मी समोरच्याच्या शरीराबद्दल बोलते. नियम समजला की पटतो. पण तेव्हा तो मला कुणी असा सांगितला नव्हता. नुसतं ‘नाकारली’ आलं. मला वाटलं चित्रात काहीतरी खटकलं असेल. म्हणून चित्र बदललं आणि पुन्हा टाकली. नाकारली. रंग बदलला, पुन्हा टाकली. असं सहा वेळा. ओळ तीच राहिली. माझ्या लेखी तो दुरुस्तीचा प्रयत्न होता. यंत्राच्या लेखी, नाकारलेली गोष्ट थोडी थोडी बदलून आत घुसवणारी बाई. कारण पहिल्याच वेळी एका ओळीत सांगितलं असतं तर पुढचे पाच प्रयत्न झालेच नसते!

दुसरी गोष्ट वेबसाइट बघणाऱ्या मित्राने दाखवली. जाहिरातीवर क्लिक केल्यावर जे पान उघडतं तेही तपासलं जातं. माझ्या साइटवर कुणीतरी कधीकाळी एक प्लगिन टाकलं होतं, ते मोबाइलवाल्यांना थेट नोंदणीच्या पत्त्यावर पाठवायचं आणि संगणकावर साधं माहितीचं पान दाखवायचं. मला याचा पत्ताही नव्हता. पण तपासणाऱ्याला एक पान आणि गिऱ्हाईकाला दुसरं, ही फसवणूक करणाऱ्यांची जुनी रीत आहे, त्यामुळे यंत्र अशा साइटकडे संशयानेच बघतं. तुमचं खातं बंद झालं असेल तर आधी हे करा: जाहिरातीतली लिंक फोनवर उघडा, संगणकावर उघडा, लॉगिन नसलेल्या खिडकीत उघडा, आणि शेवटी वर कोणता पत्ता दिसतो तो तिन्ही ठिकाणी जुळवून बघा. माझा जुळला नाही. प्लगिन त्याच दिवशी काढून टाकलं.

आता यातलं नेमकं कुठलं कारण? की दोन्ही? की तिसरंच काहीतरी? मला आजही माहीत नाही. मला शिक्षा झाली आहे आणि गुन्हा मी अंदाजाने शोधते आहे.

फेरतपासणीचं बटण दाबलं. ओळखपत्राचा फोटो दिला, फोनवर आलेला कोड टाकला, कॅमेऱ्यासमोर मान इकडेतिकडे फिरवून चेहरा दाखवला. ‘साधारण 48 तासांत कळवू’ म्हणाले. सहा दिवस लागले. उत्तर: ‘तपासणी केली, निर्णय कायम.’ आणि बटण गायब. त्या अर्जात स्पष्टीकरण लिहायला धड जागाही नव्हती. चूक सापडली, सुधारली, हे सांगणार कुठे? चॅटवर मदत मिळते म्हणतात, पण चॅटमध्ये शिरताना जाहिरात खातं निवडा म्हणतात, आणि माझं खातं बंद असल्यामुळे त्या यादीत येतच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

बंद झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी कार्डावरून पैसे मात्र बरोबर कापले गेले. आधी दाखवलेल्या जाहिरातींचं ते बिल होतं, देणं लागत होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पैसे घेताना मी कोण हे त्यांना चोख माहीत असतं, आणि उत्तर द्यायची वेळ आली की मी कुणीच नसते, याचा राग येतो.

चार वर्षांत जमवलेलं काय काय अडकलंय ते सांगते. वर्गात येऊन गेलेल्यांच्या आणि व्हिडिओ पाहिलेल्यांच्या याद्या त्या जाहिरात खात्यातच बनवल्या होत्या. त्यांच्यासारखे नवे लोक शोधून देणारे गटही तिथेच. नवीन खातं उघडलं तरी हे आपोआप सोबत येत नाही. जाहिरात कुणाला दाखवायची हे यंत्राला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं, आणि त्यासाठी आठवड्यात साधारण 50 नोंदण्या यायला हव्यात असं तेच सांगतात. माझ्यासारखीला एवढ्या नोंदण्या महिन्यात होतात.

‘मग बहिणीच्या नावाने नवीन काढ ना!’ हा सल्ला मला किमान दहा जणांनी दिला. कृपा करून कुणी हे करू नका. बंद झालेल्या माणसाने दुसऱ्या नावाने परत येणं म्हणजेच ‘यंत्रणेला चकवणं’. कार्ड, फोन, वेबसाइट यांतलं काहीही जुळलं तर ते खातंही जाईल, आणि जिचं नाव वापरलं तिचंही. आज माझ्यावर खोटा असलेला आरोप त्या दिवशी खरा होईल.

मला नियम नकोत असं नाही. खोट्या गुंतवणुकीच्या आणि तीन दिवसांत वजन उतरवणाऱ्या जाहिराती मीही रोज बघते, त्या रोखल्याच पाहिजेत. पण कारण सांगणं अशक्य आहे हे मला कुणी सांगू नये. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात, जो 17 फेब्रुवारी 2024 पासून पूर्णपणे लागू आहे, अशी बंदी घातली तर कोणत्या गोष्टींवरून घातली आणि निर्णय यंत्राने घेतला का, हे कळवावं लागतं. तक्रारीचा निकालही फक्त यंत्रावर सोडता येत नाही. म्हणजे कायद्याने भाग पाडलं की हे करावंच लागतं. मग बाकीच्यांना ती एक ओळ लिहून द्यायला काय हरकत आहे?

काल संध्याकाळी वर्गातल्या एका काकूंचा फोटो त्यांना विचारून पेजवर टाकला. आठ महिन्यांनी त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. लोकांनी भरभरून लिहिलं. रात्री सूचना आली: ‘ही पोस्ट चांगली चालते आहे, जाहिरात करून आणखी लोकांपर्यंत पोहोचवा.’ मी बटण दाबलं. लाल पट्टी आली, तेच वाक्य, तीच लिंक. त्या पानाचा फोटो काढून ठेवला आहे, तारखेसकट. असे एकोणीस दिवसांचे बावीस फोटो झाले आहेत, आणि ते कुणाला पाठवायचे तेवढं मला कुणीतरी सांगा.