कॉलमवरचे ते जाड चौकोन कशासाठी?

ग्राहकाचा अभिप्राय (★★): "शेजारच्या इमारतीचं पार्किंग वर बघितलं तर एकदम सपाट. आमच्याकडे मात्र प्रत्येक कॉलमवर जाड चौकोन लोंबतोय, डक्टवाल्याला वळसा घ्यावा लागला. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, स्टील वाढवलं असतं तरी भागलं असतं. डिझाइनरने उगाच काँक्रीट ओतायला लावलं."

नमस्कार. डक्टचा त्रास झाला ही चूक आमची आहे. त्या चौकोनांची, म्हणजे ड्रॉप पॅनेलची, खालची पातळी डक्टवाल्याच्या ड्रॉइंगवर आम्ही आधीच टाकून द्यायला हवी होती. चौकोनांबद्दल मात्र तुमच्याच कॉलमचे आकडे समोर ठेवतो.

तुमचे कॉलम ४५० मिमी चौरस आहेत आणि दोन्ही दिशांना ७ मीटरवर आहेत, म्हणजे मधला एकेक कॉलम ४९ चौरस मीटर स्लॅब पेलतो. स्लॅब २०० मिमी जाड, काँक्रीट एम३०. स्वतःचं वजन, फिनिश आणि वापराचा भार धरून, १.५ ने गुणल्यावर चौरस मीटरला १६ किलोन्यूटन येतात.

फ्लॅट स्लॅबला बीम नसतो. हा सगळा भार कॉलमभोवतीच्या एका लहानशा चौकोनातून खाली उतरतो आणि तिथेच कॉलम स्लॅबला भोसकून वर निघू पाहतो. यालाच पंचिंग शिअर म्हणतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडप्रमाणे कॉलमच्या कडेपासून प्रभावी खोलीच्या निम्म्या अंतरावर परिमिती घेऊन ते तपासतात. प्रभावी खोली म्हणजे स्लॅबच्या तळापासून वरच्या स्टीलपर्यंतचं अंतर. २०० च्या स्लॅबची प्रभावी खोली १६५ मिमी. म्हणून परिमितीची बाजू ६१५ आणि एकूण लांबी २४६० मिमी.

परिमितीच्या आतला भाग वगळून भार ७७८ किलोन्यूटन. त्याला परिमिती आणि प्रभावी खोलीच्या गुणाकाराने भागलं की ताण आला १.९२ न्यूटन प्रति चौरस मिमी. एम३० ची मर्यादा 0.25√fck, यात fck म्हणजे ग्रेडचा आकडा ३०, म्हणजे १.३७. शिवाय कॉलमच्या एका बाजूच्या पॅनेलवर, म्हणजे चार कॉलममधल्या स्लॅबवर, भार आणि दुसरं मोकळं असलं की कॉलमकडे मोमेंट, म्हणजे वाकवू पाहणारा जोर, जातो. तुमच्याकडे तो साधारण ६० किलोन्यूटन-मीटर आहे. चौरस कॉलमला त्याचा ४० टक्के भाग शिअरच्या वाटेने जातो, त्यामुळे एका कडेचा ताण २.२० वर पोहोचतो.

आता स्टीलचं. वरची जाळी दाट केली तरी या कोडच्या सूत्रात पंचिंगची ताकद वाढत नाही, कारण त्यात फक्त काँक्रीटची ग्रेड येते. स्टिरप, म्हणजे स्लॅबच्या जाडीत उभे सळयांचे वेढे, टाकता येतात, पण ताण मर्यादेच्या दीडपटीत, म्हणजे २.०५ पर्यंत असेल तरच. आपण २.२० वर आहोत. तेव्हा जाडी वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सगळाच स्लॅब ३०० केला तर? तेही करून पाहिलं. स्लॅबचं स्वतःचंच वजन इतकं वाढतं की ताण १.३९ येतो, अगदी थोडक्यासाठी नापास, आणि काँक्रीट एका पॅनेलला ४.९ घनमीटर जास्त. त्याऐवजी २४०० मिमी चौरसात फक्त १०० मिमी जाडी वाढवली, तर ०.५८ घनमीटर लागतं. प्रभावी खोली २६५ होते, परिमिती २८६०. ड्रॉपचं वजन धरून, मोमेंटसकट, ताण १.१८ वर उतरतो. ड्रॉपची बाजू पॅनेलच्या किमान एक तृतीयांश असावी लागते, म्हणून २४००.

ड्रॉप संपतो तिथे पुन्हा २०० चाच स्लॅब सुरू होतो, म्हणून तिथे दुसरी तपासणी करतात. ही अनेकदा राहून जाते. तिथे परिमिती दहा मीटरच्या वर असल्याने ताण जेमतेम ०.४० आहे.

कॉलम ५ मीटरवर असते तर २०० चाच सपाट स्लॅब मी स्वतः सुचवला असता. तेव्हा भार निम्म्यावर येऊन ताण मोमेंटसकट एकच्या थोडा पुढे, मर्यादेच्या आत राहतो.

या तपासणीत मी इतका हट्टी का, तेही सांगतो. वाकून मोडणारा स्लॅब आधी खाली झुकतो, तडे दाखवतो. पंचिंगमध्ये कॉलमभोवतीचा काँक्रीटचा शंकू एकदम सुटतो. त्याआधीचा गोल तडा स्लॅबच्या वरच्या अंगाला, फरशीखाली असतो. आणि एका कॉलमचा भार शेजारच्यांवर गेला की तेही जाऊ शकतात.

एक विनंती आहे. परवा साइटवर एका कॉलमला खेटून, कडेपासून जेमतेम १०० मिमीवर, प्लंबरने १५० मिमीच्या पाइपासाठी खडूने तीन गोल एका ओळीत आखलेले पाहिले. कॉलमच्या मध्यापासून भोकाच्या दोन्ही कडांना रेषा काढल्या की त्यांच्यामधली परिमिती वजा होते. एक भोक १३५ मिमीच्या आसपास खातं, ते चालेल. तिन्ही घेतली तर ४०० च्या आसपास जातील आणि ताण पुन्हा मर्यादेला भिडेल. ड्रॉपच्या बाहेर जागा आहे. उद्या सकाळी आमचा इंजिनिअर येऊन ती आखून देईल, तोवर कोअर कटिंग थांबवा.