पासवर्ड बदलला, पण खोटा रेझ्युमे कुठे कुठे पोचलाय?

जॉब पोर्टलवरचं प्रोफाइल कुणी ताब्यात घेतलं की घरचे, मित्र, ऑफिसातला आयटीवाला सगळे एकच सांगतात: पासवर्ड बदल आणि विषय सोड. मी पुण्यात बरीच वर्षं रिक्रूटमेंटमध्ये आहे. पासवर्ड बदलून पुढचा उद्योग थांबतो, झालेला निस्तरत नाही, हे मला रोजच्या कामामुळे माहीत आहे. त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

ओळखीतल्या एका मुलीचंच उदाहरण घ्या. मूळची साताऱ्याची, मॅन्युअल टेस्टिंगचा 3 वर्षांचा अनुभव. नोकरी बदलायची होती, त्यामुळे प्रोफाइल ताजं ठेवलेलं, रिक्रूटर्सचे फोन बऱ्यापैकी यायचे. ते एकाएकी बंद झाले. तिला वाटलं मार्केट थंड आहे. मग एका कंपनीच्या एचआरने लिंक्डइनवर मेसेज टाकला, "काल दुसऱ्या राउंडला तुम्ही कॅमेरा का सुरू केला नाहीत?" हिने त्या कंपनीत पहिला राउंडसुद्धा दिलेला नव्हता.

प्रोफाइल उघडलं तर नाव, फोटो, कॉलेज सगळं हिचंच. पण अनुभव 3 चा 7 वर्षं झालेला, स्किल्समध्ये सेलेनियम आणि ऑटोमेशन आलेलं, 60 दिवसांचा नोटीस पीरियड 15 दिवसांवर, आणि मोबाइल नंबर कुणा भलत्याचाच. फोन का बंद झाले ते तिथे कळलं. फोन येत होते, तिसऱ्याच माणसाला.

हे कोण कशासाठी करतं? आम्ही पोर्टलवर उमेदवार शोधतो ते फिल्टर लावून: अनुभव 6 ते 8 वर्षं, पुणे, 15 दिवसांत जॉइन होणारा. कालच उघडलेलं कोरं प्रोफाइल दिसलं की आम्हाला शंका येते. पाच वर्षं जुनं, खरं कॉलेज आणि खरी कंपनी असलेलं प्रोफाइल मात्र विश्वासार्ह वाटतं. म्हणून भामट्यांना आयतं जुनं प्रोफाइल हवं असतं. इंटरव्ह्यू भलताच कुणी देतो, बहुतेक वेळा कॅमेरा "खराब" असतो. लॉगिन मिळतं ते एकतर सगळीकडे एकच पासवर्ड ठेवल्यामुळे, नाहीतर "तुमचं प्रोफाइल वर आणून देतो" म्हणणाऱ्या फोनवाल्यांना स्वतःहून दिल्यामुळे. पैसे भरून ही सेवा घेणारे भरपूर आहेत.

आता आवरायचं कसं. हिने सगळं खोडून पूर्ववत करायला घेतलं होतं, मी थांबवलं. आधी पुरावा. बदललेल्या प्रोफाइलचे पूर्ण स्क्रीनशॉट काढायचे, खोटा नंबर आणि तारीख दिसेल असे. अपलोड केलेला खोटा रेझ्युमे डाउनलोड करून ठेवायचा, आणि कुठे कुठे अर्ज केलेत ती यादीही जपायची. तीच यादी पुढे सगळ्यात जास्त कामाला येते, आणि काही पोर्टल्सवर जुने अर्ज काही काळाने दिसेनासे होतात. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण एकदा प्रोफाइल सुधारलं की तो पुरावा तुमच्या हातात परत येत नाही.

मग पोर्टलच्या आधी ईमेल. बदल झाला की पोर्टल मेल पाठवतं, तो हिला का दिसला नाही? कारण हिचा ईमेलचा पासवर्डही तोच होता. आत शिरलेल्याने जीमेलमध्ये एक फिल्टर लावून ठेवला होता, पोर्टलचा प्रत्येक मेल सरळ कचऱ्यात. पासवर्ड बदलला तरी असा फिल्टर तसाच राहतो. म्हणून सेटिंग्जमध्ये Filters and Blocked Addresses आणि Forwarding and POP/IMAP ही दोन पानं डोळ्यांनी तपासायची, अनोळखी काही असेल तर काढायचं. नवा पासवर्ड, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, सगळ्या डिव्हाइसेसवरून लॉगआउट. त्यानंतर पोर्टलवर जाऊन आधी मोबाइल नंबर स्वतःचा करायचा, कारण ओटीपी तिथेच जातो, मग पासवर्ड आणि शेवटी रेझ्युमे. क्रम उलटा झाला तर तो माणूस ओटीपी मागवून पुन्हा आत येतो. लॉगिनच होत नसेल तर कस्टमर केअरच्या रांगेत न थांबता पोर्टलच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, आणि 24 तासांत पोच द्यावी लागते.

इथवर बरेच जण येतात आणि थांबतात. खरी घाण मात्र पोर्टलच्या बाहेर असते. आम्ही रेझ्युमे डाउनलोड करतो तेव्हा तो आमच्या स्वतःच्या सिस्टिममध्ये जातो. तुम्ही पोर्टलवर काहीही सुधारलं तरी आमच्याकडची प्रत बदलत नाही. उद्या तुम्ही खऱ्या 3 वर्षांच्या अनुभवाने अर्ज केलात की सिस्टिम दाखवते, याच नावाने, याच कंपनीच्या अनुभवाने 7 वर्षांचा रेझ्युमे आधी आलाय. समोरचा रिक्रूटर तुम्हालाच खोटारडा समजतो. तो विचारायला फोन करत नाही, पुढच्या उमेदवाराकडे वळतो. कन्सल्टन्सीची तऱ्हा याहून वाईट: त्यांनी खोटा रेझ्युमे क्लायंटकडे पाठवला असेल तर काही महिने तो उमेदवार "त्यांचा" समजला जातो, आणि तुमचा थेट अर्ज डुप्लिकेट म्हणून बाजूला पडतो.

त्यामुळे अर्जांची यादी घेऊन एकेकाला मेल करावाच लागतो. कंटाळवाणं आहे, इलाज नाही. मेल लहान ठेवा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझं प्रोफाइल दुसऱ्याच्या ताब्यात होतं, या काळात या खोट्या नंबरवरून झालेला संपर्क आणि दिलेला इंटरव्ह्यू माझा नाही, तो रेझ्युमे रेकॉर्डमधून काढावा किंवा त्यावर तशी नोंद करावी, सोबत खरा रेझ्युमे आणि तक्रारीचा पोच क्रमांक. आधार किंवा पॅन जोडू नका, कुणी मागितलं तरी नको; ओळख पटवायला व्हिडिओ कॉल पुरतो. पोच क्रमांक असला की मेलला वजन येतं, नाहीतर आम्हाला ती पकडल्या गेलेल्या उमेदवाराची सारवासारव वाटते. कडू आहे, पण आमच्याकडे असंच वाचलं जातं.

तो क्रमांक cybercrime.gov.in वर तक्रार केली की मिळतो. 1930 ही हेल्पलाइन मुख्यतः पैसे गेले असतील तेव्हासाठी आहे. इथे पैसे गेलेले नसतात, म्हणून या सरकारी साइटवर लेखी तक्रार बरी. आयटी कायद्याचं कलम 66ग म्हणजे ओळखचोरी आणि 66घ म्हणजे तोतयेगिरी करून फसवणूक, इंग्रजीत 66C आणि 66D. दोन्हींना 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. पोलीस ठाण्यात अर्ज देताना ही कलमं लिहिलीत तर "यात तुमचं नुकसान काय झालं?" या प्रश्नावर वेळ जात नाही. गुन्हेगार सापडेलच अशी आशा मी दाखवणार नाही. कागद हवा तो तुमच्या बचावासाठी.

हिच्या बाबतीत एका कंपनीने ऑफरपर्यंत मजल मारली होती. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पीएफच्या यूएएन नंबरवरच्या सर्व्हिस हिस्टरीत 3 वर्षंच दिसली आणि गाडी अडली. व्हेरिफिकेशन करणाऱ्या एजन्सीच्या अहवालात तिच्या नावापुढे तफावत नोंदली गेली. ती नोंद आपोआप पुसली जात नाही. त्या कंपनीच्या एचआरला पत्र देऊन दुरुस्तीचा अहवाल लेखी मागावा लागला. बाकीच्यांपैकी काहींनी उत्तर दिलं, काहींनी नाही. उत्तर न देणाऱ्यांना पाठवलेले मेल तिने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत, पुढे त्यांच्याकडे अर्ज करायची वेळ आली तर कव्हर लेटरसोबत तोच मेल जोडता येईल.

आणि पोर्टलवाल्यांना एक विचारायचंय. बँकेत मोबाइल नंबर बदलायचा तर दहा प्रश्न विचारतात. तुमच्याकडे नंबर, अनुभव आणि रेझ्युमे एकाच दिवशी बदलला तरी जुन्या नंबरवर एक एसएमएस टाकायला काय जातं?