चॅरिटी रन भरवताय? मग एवढं कराच

सोसायटीच्या ग्रुपवर "आपणही एक रन करूया का" असा मेसेज पडला आणि खाली चाळीस अंगठे आले की समजायचं, आता माघार नाही. आम्ही नेरुळला मागच्या मार्चमध्ये पाच किलोमीटरची केली, तीनशे लोक, शाळेच्या टॉयलेटसाठी निधी. मी पाण्याच्या टेबलावर होतो, म्हणजे सगळं जवळून बघितलंय, तेव्हा अनुभवाचे बोल ऐकून घ्या.

पहिलं म्हणजे रूट. मार्किंगसाठी फक्की आणा, क्रिकेटच्या ग्राउंडवर मारतात तीच, आणि आदल्या रात्री अकरा वाजता मारा, कारण पहाटे झाडूवाले येतात आणि रस्ता इतका छान झाडतात की बाण शोधायला दुर्बीण लागते. बाण फक्त वळणावरच काढायचा. वळणाच्या वीस-तीस पावलं आधी एक आणि वळून झाल्यावर "हो, बरोबर आलात" म्हणून एक असे दोन जास्तीचे काढले तर फक्की जास्त लागते, आणि पळणाऱ्याला जरा शंकाकुशंका नको का? सरळ जायच्या चौकात तर बाण अजिबात नको, सरळ जायला काय बाण लागतो? आमच्याकडे अशाच एका चौकात गणपतीच्या मंडपाकडे जाणारा जुना ऑइलपेंटचा बाण होता, पुढचा मुलगा त्या बाणाकडे बघून डावीकडे वळला आणि मागचे साठ जण त्याच्या मागे, कारण घोळक्यात कोणी बाण बघत नाही, पुढच्याची पाठ बघतो. हे सगळे एक गल्ली वाचवून आले आणि घड्याळात 4.3 बघून आम्हालाच विचारायला लागले की पाच किलोमीटर कुठे गेले. पुढे सायकलवर एक माणूस आणि त्या चौकात शिट्टी घेऊन एक पोरगा उभा केला असता तर हे टळलं असतं, पण पोरं टी-शर्ट वाटपाला लागतात ना.

आता पाणी. हा माझा विषय, त्यामुळे जरा सविस्तर. अडीच किलोमीटरला एक पॉइंट बास. टेबल एकच, वर वीस लिटरचा जार, त्याला तो छोटा निळा नळ, आणि ग्लास माणूस आल्यावर भरायचा, ताजं पाणी म्हणून. मी घड्याळ लावून बघितलंय, त्या नळाखाली एक ग्लास भरायला सात-आठ सेकंद जातात, म्हणजे मिनिटाला आठ ग्लास. आणि तीनशे लोक काय एकेक करून येत नाहीत, पहिले दहा-बारा सुसाट जातात, मग मधली गर्दी आठ-दहा मिनिटांत दोनशे जण अशी अंगावर येते, म्हणजे मिनिटाला वीसच्या वर. वीस मागणारे, आठ मिळणारे. तिसऱ्या मिनिटाला माझ्यापुढे रेशनच्या दुकानासारखी लाइन लागली, एक काका म्हणाले, "अहो मी टाइम लावलाय," मी म्हटलं मीही लावलाय. (काही भित्री माणसं आधीच अर्धे अर्धे ग्लास भरून पाच-सहा टेबलांवर रांगेत मांडून ठेवतात, जारमधून निघतात दीडशेच्या वर, आणि पहिल्या टेबलावरच्या पोराला ओरडायला लावतात, "पुढे घ्या, पुढे आहे!" कारण सगळे पहिल्याच टेबलावर थांबतात. पण मग फोटोत काय येणार, नुसते ग्लास?)

टेबल वळणाच्या तोंडावरच ठेवा, म्हणजे थांबलेले आणि पळणारे एकमेकांवर आदळतील. कचऱ्याचा डबा टेबलाला चिकटून हवा, कारण पाणी पिऊन ग्लास टाकायला माणूस वीस-तीस पावलं पुढे गेलेला असतो आणि तिथे डबा नसेल तर रस्ता आहेच.

बिब नंबर छापून घ्या, मोठा. मागे नाव, ब्लड ग्रुप, घरच्यांचा फोन असा रकाना असतो तो भरायला कोणाला सांगू नका, सकाळी साडेपाचला कोणाला वेळ आहे. चार सेफ्टीपिना द्यायच्या, दोन दिल्या तरी चालतं, वारा आला की नंबर गालावर बसतो एवढंच. आणि बिब एकमेकांना दिलं तर हरकत घेऊ नका, पैसे तर आलेत ना.

सुरुवात सव्वासहाची ठेवा आणि पाहुणे येईपर्यंत थांबा. आमचे सात वाजून पाचला आले, मग दीपप्रज्वलन, मग दोन शब्द, मग झेंडा सव्वासातला. मार्चमधला नेरुळचा तो एक तास, खाडीचा दमटपणा, घाम सुटतो पण वाळत नाही, म्हणजे अंग थंड होत नाही. सव्वासहाला पळाले असते तर निम्म्याहून जास्त जण ऊन चढायच्या आत घरी पोहोचले असते.

मेडिकल व्हॉलंटिअर म्हणून चौथ्या मजल्यावरचे डॉक्टर घ्या. दातांचे होते, पण डॉक्टर ते डॉक्टर. त्यांना स्टेजवर बसवून शाल-श्रीफळ द्या, फर्स्ट एडची पेटी त्यांच्या खुर्चीखाली. बाइक देऊन शेवटच्या किलोमीटरवर फिरायला लावू नका, तिथे तर लोक सगळ्यात जास्त पडतात, उगाच त्यांची शाल मळायची.

आमच्याकडे 118 नंबर फिनिशच्या आधी चारेकशे मीटरवर वाकडातिकडा चालायला लागला. एकाने विचारलं, बरं वाटतंय का, तर तो म्हणाला, "सानपाडा गेलं का?" लोक हसले. खरं म्हणजे तीच खूण होती, नुसता दमलेला माणूस धापा टाकतो पण कुठे आहे ते नीट सांगतो, बोलणं भरकटलं म्हणजे ऊन डोक्यात गेलं. कोणीतरी ग्लास तोंडाला लावायला निघालं, तेवढ्यात लाइनीतल्या एक निवृत्त नर्सबाई पुढे आल्या, "तोंडात नको, ठसका लागेल, अंगावर ओता!" त्यांनी त्याला झाडाखाली आडवा केला, माझे उरलेले दोन्ही जार त्याच्यावर रिकामे केले, फळांच्या स्टॉलवरचा बर्फ टॉवेलात बांधून काखेत आणि मानेला लावला, आणि दोन पोरांना बॅनरने वारा घालायला लावला. तोच बॅनर, पाहुण्यांच्या फोटोचा. त्याचा एवढा उपयोग दुसऱ्या कोणाला झाला नसेल. 108 ला फोन लावला, पण गाडी येईस्तोवर थांबायचं नाही, आधी थंड करायचं आणि मग न्यायचं, हे बाई सारख्या सांगत होत्या.

मी बिब उलटं केलं, मागे कोरं. यादीत 118 म्हणजे एक बाई, वय छप्पन्न. फोन लावला तर त्या घरी पोहे करत होत्या, "अहो, मी तर पळालेच नाही, नंबर भाच्याला दिला. काय झालं हो त्याला?" मग आईचा फोन नंबर शोधायला दहा मिनिटं. गाडी आली तेव्हा तो स्वतःचं नाव सांगत होता, तरी दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं. डॉक्टरसाहेब पोहोचले तेव्हा गाडी सुटली होती, गर्दीतून वाट काढायला वेळ लागला म्हणाले, ते खोटं नव्हतं.

यंदाची तयारी सुरू झालीये. बिबचं डिझाइन काल ग्रुपवर आलं, मागच्या रकान्याच्या जागी आता स्पॉन्सरचं कूपन आहे, दात साफ करण्यावर दहा टक्के सूट.